सलूनला निम्मा भाव, फार्मसीला ६० दिवसांची उधारी… होलसेलची रेट लिस्ट नक्की कशी लावायची?

प्रश्न: नमस्कार दादा, माझी स्किनकेअरची सहा प्रॉडक्ट्स आहेत, आतापर्यंत ऑनलाइन थेट ग्राहकांनाच विकत होते. आता दोन सलूनवाल्या माल ठेवायला तयार आहेत, त्यांना निम्म्या किमतीत हवाय आणि सुरुवातीला फक्त चार-चार नग. आणि चार शाखा असलेली एक फार्मसी म्हणते निम्मा भाव, ६० दिवसांनी पैसे आणि न विकलेला माल परत. माझं मॉइश्चरायझर ग्राहकाला १०० ला जातं असं धरा, बनवायला २२ लागतात, म्हणून मी दुप्पट करून होलसेल रेट ४४ ठेवलाय. लिस्ट अजून कुणाला दाखवली नाहीये. मिनिमम ऑर्डर किती ठेवू आणि फार्मसीला काय उत्तर देऊ?
— सहा बाटल्यांची मालकीण

उत्तर:

ताई, लिस्ट अजून कुणाला दाखवली नाही हे फार बरं झालं, कारण एकदा ४४ चा आकडा बाहेर गेला की तो वर नेणं महाकठीण असतं. दुकानदार निम्मा भाव मागतोय, म्हणजे तो ५० द्यायला तयार आहे, आणि तुम्ही त्याला न मागता ४४ ला देणार होतात! खर्चाच्या दुप्पट हा हिशोब खालून वर जातो आणि होलसेलचा रेट वरून खाली यायला हवा, म्हणजे आधी शेल्फवर ग्राहक काय देणार ते धरायचं (टॅक्स बाजूला ठेवून, नाहीतर सगळे आकडे गोंधळतात), त्यातून दुकानदाराचा वाटा काढायचा आणि मग जे उरतं त्यात आपलं भागतंय का ते बघायचं.

तर ५० वरून बघू. २२ बनवायला. पण थांबा, या २२ मध्ये रिकामी बाटली, पंप, लेबल, खोका, भरताना वाया गेलेला माल, टेस्टिंगचा खर्च आणि तुमची स्वतःची मजुरी आहे का? खूप जणी फक्त आतल्या क्रीमचा खर्च धरतात आणि बाटली-खोक्याचं नंतर लक्षात येतं, आणि छोट्या बॅचमध्ये कधीकधी क्रीमपेक्षा पॅकिंगच महाग पडतं. मी धरून चालतो की २२ मध्ये सगळं आलंय. त्यावर होलसेलमध्ये जे नवे खर्च येतात ते ऑनलाइन विकताना तुम्ही या रूपात पाहिलेले नसतील. माल पोचवायला नगामागे ३ धरा, टेस्टर आणि सॅम्पलचे ३ (उघडी बाटली काउंटरवर ठेवल्याशिवाय क्रीम विकत नाही, आणि ती बाटली तुमचीच जाते), ऑर्डर आणणाऱ्या माणसाचं कमिशन ४, आणि फुटलं-गळलं, कमी भरलं याचे २. झाले १२. बनवायचे २२ धरून ३४. म्हणजे ५० च्या रेटला हातात १६ राहतात आणि तुमच्या ४४ च्या रेटला फक्त १०. या १० मधून एक जरी उधारी बुडाली तरी महिना गेला.

आणि जर तुमचे २२ हे फक्त आतल्या मालाचे असतील आणि खरा खर्च ३० निघाला, तर ५० ला सुद्धा फक्त ८ उरतात. तसं असेल तर आधी ग्राहकाची किंमत वाढवा किंवा ते प्रॉडक्ट होलसेलला काढूच नका, सहाच्या सहा प्रॉडक्ट लिस्टवर असलीच पाहिजेत असा काही नियम नाही. ज्यात जागा आहे ती तीन-चार आधी द्या.

आता मिनिमम ऑर्डर. ही लोक अंदाजाने ठेवतात, कुणीतरी १० म्हणतं म्हणून १०, पण ती याच हिशोबातून निघते. वर मी पोचवायला नगामागे ३ धरले ना, ते तेव्हाच खरे ठरतात जेव्हा खोक्यात पुरेसे नग असतील. एक खोका पॅक करणं, बिल करणं आणि कुरियर मिळून समजा ३६ जातात, मग ३६ भागिले ३ म्हणजे १२ नग. १२ नग गेले तर पोचवण्याचा खर्च ३ च्या आत बसतो. चार नग गेले तर तोच खर्च नगामागे ९ होतो आणि तुमचे १६ चे १० राहतात. म्हणजे चार नगांच्या ऑर्डरला तुम्ही गुपचूप ४४ चाच रेट देताय. तुमच्या कुरियरचे खरे आकडे घाला, उत्तर वेगळं येईल, पण पद्धत हीच.

पण म्हणून सलूनला "एका प्रॉडक्टचे बाराच घ्या" असं म्हणू नका. मिनिमम पूर्ण ऑर्डरवर ठेवा, एका प्रॉडक्टवर नको. १२ नग, कुठलेही मिसळून, तीन-तीनच्या पटीत. क्लीन्झर तीन, मॉइश्चरायझर सहा, सीरम तीन, असं. छोट्या सलूनमध्ये एकाच टोनरच्या बारा बाटल्या धूळ खात बसल्या की ती बाई पुढची ऑर्डर देतच नाही, उलट वर्षाच्या शेवटी निम्म्या किमतीत काढून टाकते आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात तुमचं नाव खराब होतं. पहिली ऑर्डर थोडी मोठी असू दे, कारण त्यात तुम्ही टेस्टर आणि स्टाफचं ट्रेनिंग देताय, पण तीही दोन-अडीच महिन्यांत विकून संपेल एवढीच. चार प्रॉडक्ट, प्रत्येकी सहा, असे २४ नग पहिल्यांदा आणि पुढच्या ऑर्डरी १२ च्या, एवढं पुष्कळ झालं. ज्यांना चारच हवेत त्यांना नाही म्हणू नका, कुरियर त्यांच्या माथी लावून द्या, लिस्टवर एका ओळीत लिहून टाका की १२ नगांच्या खालच्या ऑर्डरला पोचवण्याचा खर्च वेगळा. भांडण नको आणि नुकसानही नको.

सलूनबद्दल अजून एक, जे लिस्ट करताना हमखास सुटतं. सलूनला दोन वेगळ्या गोष्टी लागतात, एक शेल्फवर विकायला आणि एक ट्रीटमेंटसाठी वापरायला. वापरायचा माल त्यांना तुमच्या ५० मिलीच्या सुंदर बाटलीत नकोय, त्यांना ५०० मिलीचा साधा पंपवाला डबा हवाय, आणि त्याचा विचार ते बाटलीच्या किमतीत करत नाहीत, एका फेशियलला किती पडतं यात करतात. ५०० मिलीचा क्लीन्झर, एका वेळी १० मिली, म्हणजे ५० फेशियल. हा आकडा लिस्टवर त्या प्रॉडक्टच्या शेजारीच लिहा, "एका वापराला एवढं". मोठ्या डब्यात पॅकिंगचा खर्च वाचतो म्हणून मिलीमागे रेट बराच खाली आणता येतो. पण त्या डब्यावर "फक्त प्रोफेशनल वापरासाठी" छापा, नाहीतर कुणीतरी तोच डबा ऑनलाइन विकायला ठेवतं आणि तुमच्या छोट्या बाटलीचा भाव सगळ्यांसमोर उघडा पडतो. ज्या सलूनमध्ये हातानं वापरलं जातं तिथेच शेल्फवरचं विकलं जातं, खुर्चीत बसलेल्या बाईला लावून दाखवलं की ती जाताना बाटली मागते. म्हणून सलूनमध्ये आधी डबा आत घाला.

आणि तुमच्या स्वतःच्या ऑनलाइन सेलचं काय? हे जरा कडक सांगतो. तुम्ही १०० ची बाटली सणाला ७० ला देत असाल तर ते आता थांबवायला लागेल, किंवा निदान दुकानदारांना आधी कळवून, त्यांनाही त्या काळात तेवढीच सूट देऊन करायला लागेल. त्या सलूनवालीने ५० ला घेतलंय, तिच्या स्टाफला तिने विक्रीवर काहीतरी दिलंय, आणि तिची गिऱ्हाईक फोन काढून दाखवते की कंपनीच ७० ला देतेय. दुसऱ्यांदा ती माल घेणार नाही आणि का ते सांगणारही नाही.

आता फार्मसी, तुमचा खरा प्रश्न. त्यांनी तीन गोष्टी मागितल्यात, निम्मा भाव, ६० दिवस आणि परतीची सोय, आणि या तीन वेगळ्या वाटल्या तरी तिन्ही तुमच्या त्याच १६ मधून जातात. एकेक बघू.

आधी परतीचं. दहा नग गेले आणि तीन परत आले असं धरा, एक्स्पायरी जवळ आलेली, खोक्यावर स्टिकर चिकटवलेले, म्हणजे पुन्हा विकता न येणारे. सात नगांचे सात गुणिले १६, म्हणजे ११२ मिळाले. तीन नगांवर कमिशन सोडून तुमचे ३० प्रत्येकी गेले, म्हणजे ९० (कमिशन नेहमी पैसे आल्यावरच द्या, बिल झाल्यावर नाही, हे आताच ठरवा). हातात राहिले २२, दहा नगांमागे. तुम्ही दुकानदाराला मोफत गोडाऊन दिलंत. हेच गणित ६० च्या रेटने केलं, म्हणजे दुकानदाराला ४० टक्के मार्जिन, तर नगामागे २६ मिळतात, सात नगांचे १८२, त्यातून ९० गेले तरी ९२ उरतात. परतीची सोय हवी असेल तर रेट हा असतो.

मग ६० दिवसांचं. व्याज फारसं नाही हो, ५० वर दोन महिन्यांचं व्याज फार तर एक-दीड होईल. गळा आवळतो तो अडकलेला पैसा. समजा ते महिन्याला १०० नग घेतात. बाटल्या, लेबल, कच्चा माल यांचे पैसे तुम्ही माल तयार व्हायच्या महिनाभर आधी दिलेत, तयार माल महिनाभर तुमच्याकडे पडला, मग ६० दिवस, आणि मोठे गिऱ्हाईक ६० म्हणतात तेव्हा पैसे पंधरा दिवस उशिरा येतात हे धरूनच चला. झाले साडेचार महिने. तोवर प्रत्येक नगात तुमचे २८ जाऊन बसलेत, बनवायचे, पोचवायचे आणि टेस्टरचे. १०० गुणिले २८ गुणिले साडेचार, १२,६०० अडकले. आणि त्या फार्मसीकडून तुमची महिन्याची कमाई १,६००. म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांची कमाई त्यांच्या खात्यात पडून राहणार, आणि धंदा वाढला, २०० नग झाले, की अडकलेलेही दुप्पट. म्हणूनच ऑर्डरी भरपूर असताना छोटे ब्रँड बंद पडतात, पुढच्या बॅचच्या बाटल्या घ्यायला पैसे नसतात आणि शेल्फ रिकामं राहिलं की फार्मसी तुमची जागा दुसऱ्याला देते.

तर त्यांना एकदम नाही म्हणू नका, दोन पर्याय द्या आणि निवडू द्या. पहिला, रेट ५०, पैसे आधी, परती नाही. दुसरा, रेट ६०, ३० दिवसांची उधारी, आणि पहिल्या तीन महिन्यांत न चालणारा माल बदलून मिळेल. लक्षात घ्या, बदलून, पैसे परत नाही. न उघडलेला, खोका चांगला, एक्स्पायरीला किमान सहा महिने बाकी असलेला माल द्या आणि त्याच किमतीचं दुसरं प्रॉडक्ट घ्या. यामुळे तुमच्याकडे जे येतं ते पुन्हा विकता येतं, आणि त्यांनाही भीती राहत नाही की नवीन ब्रँड गळ्यात पडेल. शेल्फवरची किंमत दोन्हीकडे १०० च. सलूनलाही हेच दोन पर्याय ठेवा, म्हणजे उद्या दोघं एकमेकांशी बोलले तरी तुम्हाला लपवायला काही नसतं.

ते "विकेल तसे पैसे देतो" म्हणाले तर? म्हणजे माल तुमचाच, फक्त त्यांच्या दुकानात ठेवलेला. अगदी एखाद्या शाखेत, दोन महिने, थोड्या नगांवर करून बघायला हरकत नाही, पण तो माल विकला म्हणून वहीत लिहू नका, दर महिन्याला स्वतः जाऊन मोजा, आणि हरवलेले, चोरीला गेलेले नग त्यांच्या हिशोबात असतील हे आधीच लिहून घ्या. तेवढं करायला माणूस नसेल तर या भानगडीत पडू नका.

फार्मसीबरोबर अजून एक गोष्ट जपायची, एक्स्पायरी. बऱ्याच जणांना माल येताना त्याचं दोन तृतीयांश आयुष्य तरी बाकी हवं असतं, २४ महिन्यांच्या क्रीमला १६ तरी. तुमची बॅच मोठी निघाली आणि माल आठ-दहा महिने घरात पडला तर तो फार्मसीला जातच नाही. त्यातल्या त्यात व्हिटॅमिन सी सीरम असेल तर फार जपा, ते हवा-उजेडाने पिवळं आणि मग तपकिरी होतं, तारीख बाकी असली तरी रंग बदललेली बाटली परतच येणार. असं प्रॉडक्ट छोट्या बॅचमध्ये करा आणि उजेडाच्या शेल्फवर ठेवू देऊ नका. जो माल आधी एक्स्पायर होणार तो आधी पाठवायचा, आणि कुठल्या दुकानाला कुठला बॅच नंबर गेला हे बिलावरच लिहायचं, उद्या एखाद्या बॅचची तक्रार आली तर सगळ्यांना फोन करत बसावं लागत नाही. बारकोडही आत्ताच विचारून घ्या, काउंटरवर स्कॅन न होणारी बाटली ते ठेवतच नाहीत.

उधारीच्या अटी लिहिताना "३० दिवस" एवढंच लिहिलंत तर तीन अर्थ निघतात. बिलापासून ३०, माल पोचल्यापासून ३०, की महिना संपल्यापासून ३०? बिल ३ तारखेचं असेल आणि ते महिना संपल्यापासून मोजत असतील तर तुमचे ३० चे ५७-५८ होतात, तेही कुणी शब्द न मोडता. म्हणून प्रत्येक बिलावर दिवस नका लिहू, सरळ तारीख छापा, पैसे या तारखेपर्यंत. आणि चार शाखा म्हटल्यावर माल घेणारा एक आणि पैसे देणारा दुसराच असतो. पहिलं बिल करायच्या आधी अकाउंट्सवाल्या माणसाला फोन करून विचारा की बिल कुणाच्या नावाने, कुठे पाठवायचं, त्यावर त्यांचा पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या ऑर्डरचा नंबर, लागतो का, पेमेंट कुठल्या दिवशी निघतं. पीओ नंबर नाही म्हणून बिल तीन आठवडे बाजूला पडून राहतं आणि कुणी तुम्हाला कळवतही नाही, असं सर्रास होतं. कमी आला, फुटका आला अशी तक्रार ४८ तासांत फोटोसकट, हेही लिस्टच्या मागे लिहा, नाहीतर पेमेंटच्या दिवशी अचानक दोन बाटल्या कमी होत्या असं आठवतं आणि पैसे कापून येतात.

उधारी कुणालाही पहिल्या ऑर्डरला नाही, फार्मसीलासुद्धा नाही. दुसऱ्या पर्यायातले ३० दिवस चौथ्या ऑर्डरपासून, आधीच्या तीन वेळेवर आल्या तरच. लिमिट त्यांच्या नेहमीच्या ऑर्डरच्या दीडपट, आणि जुनं बिल बाकी असेल तर नवा माल निघणार नाही, हे प्रेमाने पण पहिल्याच दिवशी सांगा. एक हिशोब डोक्यात ठेवा, २० नगांचं बिल बुडालं तर तुमचे ६०० गेले, आणि ते भरून काढायला ३८ नग विकायला लागतात. धोका आधी दिसतो. नेहमी १२ घेणारा एकदम ६० मागतो आणि मागचं बिल तसंच असतं, किंवा बिलाशी न जुळणारी गोळाबेरीज रक्कम पाठवतो, "सध्या एवढे घ्या" म्हणून, किंवा फोन उचलणारा माणूस दर वेळी वेगळा असतो. यातलं काही दिसलं की त्याच दिवशी माल थांबवा, तारीख उलटायची वाट बघू नका. आणि आठवण तारखेच्या पाच दिवस आधी पाठवा, उलटल्यावर नाही, तेव्हा ती मागणी वाटते, आधी ती माहिती असते.

लिस्ट एका पानाची करा. प्रॉडक्टचं नाव, साइज, बारकोड, ग्राहकाची किंमत, तुमचा रेट, किती नगांच्या पटीत, आणि वर ठळक अक्षरात ही लिस्ट कुठल्या तारखेपर्यंत लागू. तारीख नसेल तर दोन वर्षांनी कुणीतरी हीच लिस्ट काढून त्याच भावात माल मागेल. मागच्या बाजूला अटी, आठ-दहा ओळी, साध्या भाषेत, आणि खाली त्यांची सही.

फार्मसीला उद्या एवढंच पाठवा: "तुम्ही रस दाखवलात त्याबद्दल आभार. आपण एका शाखेत चार प्रॉडक्टचे २४ नग ठेवून सुरुवात करूया, टेस्टर आणि स्टाफचं ट्रेनिंग माझ्याकडून. रेटचे दोन पर्याय सोबत जोडलेत, तुम्हाला सोयीचा असेल तो सांगा. पहिल्या तीन ऑर्डरचं पेमेंट दोन्हीकडे आधी." ते ४५ दिवसांवर अडले तर द्या, पण ६० च्या रेटवरच आणि पहिल्या तीन ऑर्डरनंतरच. ५० च्या रेटला ६० दिवस आणि परती, यावर ठाम राहिले तर त्यांना सध्या सोडा आणि तो माल त्या दोन सलूनना द्या, त्यांनी २४-२४ नग घेतले तर त्याचे पैसे याच आठवड्यात हातात येतील.